दिवसभर खुर्ची, तासभर चटई: आमची वाटचाल

आमचा योग स्टुडिओ छोटासाच आहे, एक हॉल, शिकवणाऱ्या आम्ही दोघी, आणि बॅचेस बहुतेक संध्याकाळच्या. मी आणि माझी पार्टनर, दोघीही आधी ऑफिसात बसून काम करणाऱ्या, त्यामुळे आपल्याकडे येणारा माणूस कोण हे पहिल्यापासून पक्कं होतं. दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा, खुर्चीतून उठला की पहिली चार पावलं कंबर धरून टाकणारा, मागे कोणी हाक मारली तर मान न वळवता अख्खं अंग वळवणारा. अशांसाठी क्लास काढायचा, सावकाश, आणि ज्याला पायाच्या अंगठ्याला हात लावता येत नाही त्याला लाज वाटू नये असा, एवढंच डोक्यात होतं.

सुरुवातीला टॅगलाइन वगैरेची गरजच पडली नाही, एकाने दुसऱ्याला सांगितलं की तो यायचा. पण स्वतंत्र जागा भाड्याने घेतली, बोर्ड करायचा ठरला आणि डिझायनर म्हणाला की ताई, नावाखाली एक ओळ द्या, कारण नुसत्या नावावरून हे डान्स क्लास आहे की योग तेही कळत नाहीये. त्या एका ओळीने आम्हाला जेवढं डोकं लावायला लावलं तेवढं भाड्याच्या करारानेही लावलं नव्हतं. आज आमच्या धंद्याबद्दल लिहायचं तर मला त्याच ओळीबद्दल लिहावंसं वाटतं, कारण आम्ही काय विकतो आणि काय विकत नाही हे आम्हाला स्वतःला तिथे नीट कळलं.

ओळखीच्या सगळ्यांनी ओळी सुचवल्या आणि जवळपास सगळ्या एकाच वळणाच्या होत्या. 'पाठदुखीपासून कायमची सुटका', 'पाठदुखीला करा रामराम', 'निरोगी पाठीसाठी योग'. पहिली तर सरळ आजार बरा करण्याचं वचन आहे, तिच्यावर चर्चासुद्धा नको. दुसरी हसत-खेळत बोलते म्हणून निरुपद्रवी वाटते, पण वचन तेच देते, दुखणं जाईल म्हणून. तिसरी जास्त फसवी, तिच्यात बरं करण्याचा एकही शब्द नाही, तरी वाचणाऱ्याच्या मनात बसतं की इथे आलो की माझी बिघडलेली पाठ निरोगी होणार.

आता कोणी म्हणेल की योगाने पाठीला बरं वाटतं हे तर सगळ्यांना माहितीये, मग लिहायला काय हरकत आहे? हरकत अशी की 'बरं वाटतं' आणि 'बरं होतं' यात फार अंतर आहे. जुनाट कंबरदुखीसाठी योग करणाऱ्यांवर जे प्रयोग झालेत त्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने 2017 साली एकत्र आढावा घेतलाय. त्यात व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांची कमरेची कामं, म्हणजे वाकणं, उठणं, बसणं, तीन आणि सहा महिन्यांनी थोडी ते मध्यम सुधारलेली दिसली. दुखणं पण थोडं कमी झालं, पण तो फरक लहानच होता. आणि त्याच आढाव्यात हेही आहे की काहींना त्रास झाला, आणि त्यात सगळ्यात जास्त दिसलेला त्रास म्हणजे पाठदुखी वाढणं. म्हणजे चांगल्या देखरेखीखाली केलेल्या योगाबद्दलसुद्धा बोलायचं तर 'काहींना थोडा फायदा' इतकंच प्रामाणिकपणे म्हणता येतं, आणि आपण बोर्डावर 'कायमची सुटका' लिहिणार? आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीत काय चाललंय ते आम्हाला दिसत नाही, आम्ही डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट नाही.

यात धंद्याचीही बाजू आहे. सुटका होईल म्हणून आलेला माणूस पहिल्या दिवसापासून घाईत असतो. त्याला हळू हळू जायचं नसतं, त्याला पश्चिमोत्तानासनात नाक गुडघ्याला टेकवायचं असतं, कारण जितकं जास्त ताणू तितकं लवकर बरं होईल असा त्याचा हिशोब असतो. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असताना असं जोर लावून वाकलं की कंबर गोल होते आणि सगळा ताण तिथेच येतो. म्हणजे टॅगलाइनने जी आशा दाखवली तीच आशा त्याला हॉलमध्ये चुकीचं करायला लावते. हे एकदा लक्षात आलं आणि आमच्यासाठी तो विषय तिथेच मिटला.

मग आम्ही ओळी तपासायची एक पद्धत बसवली आणि आजही पत्रक असो की साधा मेसेज, तीच वापरतो. ओळीतलं क्रियापद बघायचं आणि विचारायचं की ही गोष्ट आमच्या हॉलमध्ये घडते की वाचणाऱ्याच्या शरीरात नंतर घडणार आहे. वाकणं, वळणं, ताणणं, श्वास घेणं, बसणं, उठणं हे हॉलमध्ये घडतं, आम्ही ते दाखवू शकतो. घालवणं, सुटका, मुक्ती, निवारण, उपचार यातलं काहीच हॉलमध्ये दाखवता येत नाही. दुसरी गोष्ट बघायची ती शरीराबद्दल कोणता शब्द आलाय. पाठ आखडली, अवघडली हे रोजच्या बोलण्यातले अनुभव आहेत. पाठदुखी म्हटलं की तक्रार झाली आणि सायटिका किंवा स्लिप डिस्क म्हटलं की आजाराचं नाव झालं. आजाराचं नाव ओळीत आलं की बाकी शब्द कितीही सौम्य ठेवा, वाचणारा इलाजच वाचतो.

यात आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला तो 'आखडलेली पाठ मोकळी करा' या ओळीवर. मला ती मनापासून आवडलेली, आजार नाही, इलाज नाही, बोलायला सोपी. आणि क्लासनंतर बरेच जण स्वतःहून म्हणतात की मोकळं वाटतंय. पण पार्टनरचा मुद्दा असा की बरेच जण म्हणजे सगळे नव्हेत, काहींना पहिल्या आठवड्यात उलट अंग जास्त भरल्यासारखं होतं, आणि 'मोकळी करा' ही आज्ञा असली तरी ऐकणाऱ्याला ती हमीच वाटते. मग आम्ही ओळखीपाळखीच्या बाहेरच्या काही लोकांना ती ओळ दाखवून एकच प्रश्न विचारला, इथे आलं की काय होईल असं वाटतं? उत्तर बहुतेक असंच की पाठीचा त्रास जाईल. झालं, ओळ बाद. ही चाचणी कोणीही करू शकतं, फक्त 'ओळ कशी वाटते' असं विचारायचं नाही, कारण त्यावर सगळे छान म्हणतात.

त्यानंतर आम्ही पाठ थोडी बाजूला ठेवली आणि माणसाच्या दिवसाकडे बघितलं. बसून बसून आखडायला होतं त्यात मुख्य भाग हाच की तासन्‌तास शरीर एकाच आकारात असतं, मांड्या पुढे दुमडलेल्या, पाठीचा वरचा भाग गोल, मान पुढे. दिवसात नसते ती हालचाल, आणि आम्ही देतो ती हालचालच. मग ओळ आपोआप दोन भागात पडली, त्याच्या दिवसात काय आहे आणि आमच्याकडे काय आहे. 'दिवसभर खुर्ची, तासभर चटई'. क्लासमध्ये सगळे मॅटच म्हणतात, पण मोठ्याने म्हणून बघितलं तर खुर्चीला चटईच जुळते, म्हणून बोर्डावर चटई. हीच ओळ दाखवून तोच प्रश्न विचारला तर उत्तर आलं की ऑफिसनंतर तासभर योग करायला लावत असतील. आम्हाला हेच उत्तर हवं होतं.

या ओळीत जे आहे ते सगळं खरं करून दाखवता येतं. तासभर म्हटलंय तर क्लास तासाचाच असतो, शेवटच्या शवासनासकट. दुपारचा छोटा क्लास चालू केला तेव्हा त्याच्या पत्रकावर ही ओळ टाकली नाही, कारण तो पाऊण तासाचा आहे. पाठ हा शब्द अजिबात नको असं मात्र नव्हतं, ज्याच्यासाठी क्लास आहे त्याला कळायला हवं ना, म्हणून खाली लहान अक्षरात दुसरी ओळ आली, 'आखडलेल्या पाठीला सावकाश हालचाल'. हिच्यात पाठीचं काय होईल ते नाही, पाठीला काय मिळेल ते आहे. आणि 'सावकाश' हा शब्द तर क्लासची पहिली पंधरा मिनिटंच सांगतो. आधी खुर्चीत बसूनच खांदे आणि मान, मग ताडासन, मग हात-गुडघ्यांवर येऊन मार्जरासन, श्वासाबरोबर पाठ वर आणि खाली, आणि पुढे वाकायचं ते गुडघे वाकवूनच.

एक मात्र लक्षात ठेवायला हवं, ओळ एकटी नसते. डिझायनरने पहिल्या नमुन्यात कमरेवर लाल गोळा असलेलं चित्र टाकलेलं, दुखणाऱ्या जागेचं दाखवतात ना तसं. आमचे शब्द कितीही जपून लिहिलेले असले तरी तो लाल गोळा म्हणतो की हे इथे बरं होतं. ते काढून आम्ही खुर्ची आणि गुंडाळलेली चटई एवढंच ठेवलं. 'माझी स्लिप डिस्क इथे बरी झाली' असा अभिप्राय भिंतीवर लावला तर ती आमचीच जाहिरात होते, बोललं दुसरं कोणी असलं तरी. म्हणून शिकवण्याबद्दलचे अभिप्राय लावतो, आजाराबद्दलचे नाही, आणि देणाऱ्याला तसं सांगतो. काही जण सुचवतात की मोठं वचन लिहा आणि खाली बारीक अक्षरात 'हा वैद्यकीय उपचार नाही' टाका. वर दिलेलं वचन खालच्या बारीक ओळीने परत घेता येत नाही, वाचणारा वरचंच घेऊन जातो.

फोनवर रोज विचारतातच, मॅडम, माझी पाठ बरी होईल ना? तिथे टॅगलाइनच्या विरुद्ध बोलून चालत नाही. आम्ही म्हणतो, ते मी सांगू शकत नाही सर, इथे तासभर काय करतो ते सांगते, तुम्ही एक दिवस येऊन बघा. आणि मग आम्ही विचारतो, दुखणं पायात खाली उतरतं का, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आहे का, अलीकडे पडलात का, ताप येतोय का. यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि ते हो म्हणाले तर या. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटलाय असं कोणी सांगितलं तर थेट हॉस्पिटलमध्ये जा, आजच, असं सांगतो. अशाने काही लोक येत नाहीत, त्यांनी यायलाच नको होतं त्या दिवशी.

आता ऑफिसांत जाऊनही क्लास घेतो आणि तिथे हा प्रश्न नव्याने येतो, कारण पोस्टर त्यांचं असतं. मध्ये एका ठिकाणी एचआरच्या मॅडमनी 'पाठदुखी निवारण शिबिर' असं छापायला काढलेलं, त्यांचा हेतू चांगलाच होता, लोक यावेत म्हणून. मी त्यांना क्रियापदाची गोष्ट सांगितली आणि म्हटलं की उद्या कोणी डॉक्टरांकडे जायचं टाळून या शिबिरावर विसंबला तर ते तुम्हालाही नको आणि मलाही नको. त्या म्हणाल्या, मग काय लिहू? मी म्हटलं, जे होणार आहे तेच लिहा. त्यांनी लिहिलं, 'खुर्चीत बसूनच योग, पाऊण तास, कपडे बदलायची गरज नाही'. मला वाटतं त्या शेवटच्या चार शब्दांनीच, 'कपडे बदलायची गरज नाही', सगळ्यात जास्त लोक आणले, कारण खरी अडचण ती होती आणि ती आम्हाला सुचली नव्हती, मॅडमना सुचली. आता आमच्या ऑफिस बॅचच्या पत्रकावर ती ओळ असते, त्यांना विचारून घेतलेली.