स्लाइड नंबर चार

सोलर कंपनीत साइट इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा इन्स्टाग्रामसाठी कॅरोसेल लिहिणं हे माझं काम असेल असं कुणी सांगितलं नव्हतं. पण आमच्या ऑफिसात एकूण सात माणसं आणि बऱ्यापैकी मराठी लिहिणारी मी एकटी. त्यामुळे "हाउसिंग सोसायट्यांसाठी सोलर: खर्च, बचत, परवानग्या" ही आठ स्लाइडची माळ माझ्या गळ्यात पडली. रंगबिंग डिझाइनवाल्या पोराने केले. त्याला पिवळा सोडून दुसरा रंग माहीत नाही.

कॅरोसेल चांगली चालली. लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली, फोन आले. त्यातला एक फोन सोलापूरच्या विजापूर रोडवरच्या एका सोसायटीचा होता. 36 फ्लॅट, एक लिफ्ट, एक बोअर, पाण्याच्या दोन मोटारी आणि सगळ्यांना मिळून एक कॉमन मीटर. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग ठेवली होती. सेक्रेटरींनी आमच्या आठही स्लाइड कागदावर छापून आणल्या होत्या, हे पाहून मी खूश झाले. तो आनंद वीस मिनिटं टिकला.

पहिले प्रश्न नेहमीचेच. एका काकूंनी विचारलं, "प्रत्येक फ्लॅटला 78,000 मिळणार ना?" नाही. ते 78,000 म्हणजे पीएम सूर्य घर योजनेतलं स्वतंत्र घराचं कमाल अनुदान, ज्याच्या स्वतःच्या मीटरवर प्लांट बसतो त्याला. सोसायटीच्या सामायिक वापराच्या प्लांटला किलोवॅटमागे 18,000 रुपये. तेही प्लांट सुरू झाल्यावर सोसायटीच्या खात्यात येतात, म्हणजे आधी सगळे पैसे सोसायटीनेच भरायचे. शिवाय पॅनेल भारतात बनलेल्या सेलचे हवेत. दुसरा प्रश्न, "म्हणजे माझ्या घरातल्या एसीचं बिल कमी होईल?" नाही होणार. नेट मीटर, म्हणजे आपण लाइनीत दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा मीटर, एका ग्राहक क्रमांकाला जोडलेला असतो. इथे तो कॉमन मीटर. कमी झाला तर तुमचा मेंटेनन्स कमी होईल. तिसरा प्रश्न, "लाइट गेल्यावर लिफ्ट चालेल?" तेही नाही. लाइनमध्ये वीज नसेल तर सोलरचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपलीच वीज लागेल.

तीन "नाही" ऐकल्यावर निम्म्या खुर्च्या कंटाळल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ मॅडम, ही चार नंबरची स्लाइड कुणी लिहिलीय?"

सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. सूतगिरणीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. हातात पेन्सिल आणि मांडीवर एका फायलीत वर्षभराची बारा वीजबिलं. मी म्हणाले, "मीच."

"इथे लिहिलंय, दहा किलोवॅटचा प्लांट, महिन्याला 1,200 युनिट, बचत 21,000. आमचं बिल येतं सरासरी साडेसतरा हजार. बिलापेक्षा बचत जास्त कशी ओ?"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

चूक कुठे झाली ते मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं. एका सोसायटीच्या बिलाला युनिटांनी भागून मी सरासरी काढली होती, युनिटला 17 रुपये 60 पैसे. तिला सरळ 1,200 ने गुणलं होतं. पण घरगुती वीजबिल टप्प्यांनी चढतं, आणि सोसायटीचा कॉमन मीटरही घरगुती दरातच येतो. तेव्हाचे दर गोल करून सांगते. वहन आकार, म्हणजे वीज तारांवरून आणून देण्याचे पैसे, धरून पहिली 100 युनिटं साधारण 6 रुपयांनी, पुढची 200 साडेअकराने, त्यापुढची 200 साडेपंधराने आणि 500 च्या वरचं प्रत्येक युनिट साडेसतराने. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. स्थिर आकार वेगळा आणि तो सोलर बसवलं तरी भरावाच लागतो. म्हणून आमची "बिल शून्य" ही पाच नंबरची स्लाइडही खोटीच होती, पण ती अण्णांनी सोडून दिली.

मी अण्णांच्या शेजारी बसले आणि त्यांच्याच पेन्सिलीने हिशेब मांडला. बारा बिलांची बेरीज 12,000 युनिटं, म्हणजे महिन्याला सरासरी 1,000. मे महिन्यात टँकर आणि बोअरमुळे 1,400, डिसेंबरात 750. सोलापुरात पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मोटार तासन् तास चालते, कधी रात्री दोनलाही. नेट मीटरमध्ये त्याने बिघडत नाही, कारण दुपारी लाइनीत गेलेली युनिटं रात्रीच्या वापरातून वजा होतात.

एक किलोवॅट आमच्याकडे वर्षाला साधारण 1,400 युनिटं देतो. मी मुद्दाम याहून जास्त धरत नाही. लोकांना वाटतं सोलापूरचं ऊन म्हणजे सोलरची चंगळ. पण पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. एप्रिल-मेच्या दुपारी पॅनेल पासष्ट अंशांपर्यंत तापतं. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्का उत्पादन घटतं, म्हणजे भर उन्हातच चौदा टक्के गेले.

आता सोलर आलं की बिल वरच्या टोकाकडून कापलं जातं. आधी साडेसतरावाली युनिटं जातात, मग साडेपंधरावाली. पाच किलोवॅट बसवला तर महिन्याला सुमारे 580 युनिटं मिळतात आणि साडेसतरा हजारांचं बिल सहा हजारांवर येतं. म्हणजे बचत साडेअकरा हजार. आणखी दोन वाढवून सात केला तर बिल सव्वादोन-अडीच हजार, म्हणजे जास्तीची बचत साडेतीन हजारांच्या थोडी वर. त्यावर आणखी तीन टाकून दहा केला की हातात काय येतं? महिन्याला 1,800 रुपये. पहिल्या पाच किलोवॅटनी साडेअकरा हजार वाचवले, शेवटच्या तिघांनी अठराशे.

"आणि उरलेली युनिटं?" अण्णांनी विचारलं.

दहा किलोवॅट वर्षाला 14,000 युनिटं देणार, वापर 12,000. उरलेली पुढच्या महिन्यात जमा होतात, पण 31 मार्चला खातं बंद होतं आणि तोवर शिल्लक राहिलेली युनिटं वीज कंपनी अगदी किरकोळ दराने विकत घेते. यातली गंमत अशी की उत्पादन सगळ्यात छान असतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आकाश निरभ्र आणि पॅनेल अजून फार तापत नाही तेव्हा. म्हणजे चांगलं पीक नेमकं खातं बंद होण्याच्या तोंडावर येतं. उन्हाळ्यातल्या टँकरच्या दिवसांत ते उपयोगी पडलं असतं, पण एप्रिलला पाटी कोरी.

मग खर्च. त्यांच्या गच्चीवर उन्हाळ्यात कुरडया आणि पापड वाळतात, ती जागा सोडायला कुणीच तयार नव्हतं. म्हणून पॅनेल आठ फूट उंच सांगाड्यावर. त्यामुळे किलोवॅटला 65,000 धरले. अनुदान वजा जाता 47,000. सात किलोवॅटला साधारण 3 लाख 29 हजार, ते दोन वर्षांच्या आत वसूल होतात. दहा घेतला तर वरच्या तीन किलोवॅटचे 1 लाख 41 हजार वसूल व्हायला साडेसहा वर्षं. अण्णांनी दोन आकड्यांखाली रेघ मारली आणि म्हणाले, "सात."

लोकांना वाटतं अडचण पॅनेलची असते. अडचण असते ती कागदांची. सहा नंबरच्या स्लाइडवर आम्ही "पंधरा दिवसांत परवानगी" असं लिहिलं होतं. महावितरणकडे दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणी लागत नाही हे खरं आहे. पण मी सेक्रेटरींना वीजबिलावरचं नाव वाचायला लावलं. कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावावर! इमारत बारा वर्षांची. अनुदान ज्या खात्यात जायचं ते खातं सोसायटीचं आणि ग्राहक मात्र बिल्डर, हे जुळणार नाही. म्हणजे आधी सर्वसाधारण सभेचा ठराव, मग मीटरचं नाव बदलणं, मग pmsuryaghar.gov.in वर नोंदणी, मग अर्ज, मग बसवणं, नेट मीटरची तपासणी, करार, मीटर बदलणं आणि सगळ्यात शेवटी अनुदान. नावाचा बदल पहिल्याच दिवशी सुरू केला नाही तर गच्चीवर पॅनेल तयार आणि मीटर नाही अशी पाळी येते. आम्ही एकदा असे दोन महिने काढले आहेत, रोज फोन घेत.

मीटिंग संपल्यावर गच्चीवर गेले. लिफ्टच्या खोलीची सावली मोजली. डिसेंबरात ती उत्तरेला खूप लांब पडते आणि एकाच पॅनेलवर पडली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांनाही मागे ओढते. 540 वॅटची तेरा पॅनेल दक्षिणेकडच्या कडेने बसत होती. धुण्याचं काय, असं चेअरमननी विचारलं तेव्हा बोअरचा नळ दाखवून म्हणाले, याने नाही. इथलं बोअरचं पाणी वाळलं की काचेवर क्षाराचे पांढरे डाग धरतात आणि ते मग घासूनही निघत नाहीत. महापालिकेचं पाणी येईल त्या दिवशी दोन बादल्या बाजूला ठेवा आणि सकाळी ऊन चढायच्या आधी धुवा.

सोमवारी साहेबांना सांगितलं की दहाची ऑर्डर सातची झाली. ते म्हणाले, "तू विकायला गेली होतीस का बिघडवायला?" मी चार नंबरची स्लाइड बदलली. आता त्यावर आकडा नाही. बारा रिकाम्या चौकटी आहेत, आपल्या बारा बिलांची युनिटं भरायला, आणि खाली चार टप्पे. डिझाइनवाला पोरगा म्हणाला, हे कोण वाचणार. लाइक खरंच निम्म्यावर आले. शेजारच्या सोसायटीने दुसऱ्याच एकाकडून बारा किलोवॅट घेतला, "बिल शून्य" या एका ओळीवर.

त्याचं मला तितकं लागलं नाही. लागलं ते वेगळंच. होटगी रोडवर एका सोसायटीत गेल्या वर्षी आम्हीच दहा किलोवॅट बसवला, जुन्या स्लाइडवरूनच. त्यांचा वापर महिन्याला साडेसहाशे युनिटं आहे, हे मी आता फाइल काढून बघितलं. त्यांच्या खजिनदार बाई प्रत्येक सणाला मला शुभेच्छा पाठवतात. परवा त्यांचा मेसेज आला. मार्चचं बिल आलंय, शिल्लक युनिटांचे पैसे इतके कमी कसे, जरा बघता का मॅडम? अजून उत्तर दिलेलं नाही.