होम लोनसाठी एचआरकडून सॅलरी सर्टिफिकेट काढताना

पुण्यात फ्लॅट बुक केल्यावर बँकेने पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ तर मागितलेच, शिवाय सॅलरी सर्टिफिकेट आणि एम्प्लॉयमेंट लेटरही हवं म्हणाले. एचआरच्या पोर्टलवर रिक्वेस्ट टाकली आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही पत्रं पीडीएफमध्ये हातात. एवढ्या लवकर कधी काही मिळत नाही, तेव्हाच शंका यायला हवी होती!

सर्टिफिकेटवर मासिक पगार छापला होता १,००,०००. एचआरच्या साच्याने १२ लाखांच्या सीटीसीला सरळ बाराने भागलं होतं. स्लिपवर मात्र ग्रॉस ८६,२७६. बँकेतल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "मॅडम, यातलं खरं कुठलं?"

दोन्ही खरेच होते. सीटीसीत माझा वर्षाचा व्हेरिएबल १,२०,०००, कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६०० आणि ग्रॅच्युइटीचे २३,०८८ धरलेले असतात. ते वजा केले की १०,३५,३१२ उरतात, त्याचे महिन्याला ८६,२७६. माझा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापून खात्यात ८४,२७६ येतात. बँक हप्ता किती झेपेल हे या हातात येणाऱ्या रकमेवरून बघते, त्यामुळे फुगलेल्या आकड्याचा फायदा शून्य, उलट फाइल अडकते. त्यात फेब्रुवारीच्या स्लिपवर शंभर रुपये कमी का, हाही प्रश्न आला. महाराष्ट्रात त्या महिन्यात व्यवसाय कर ३०० कापतात, एवढंच त्याचं उत्तर.

मग पोर्टल सोडून एचआरमधल्या मुलाला थेट मेल केला: "सर्टिफिकेटमध्ये सीटीसी नको. सोबतच्या मार्चच्या स्लिपप्रमाणे बेसिक, एचआरए, इतर भत्ते, ग्रॉस, कपात आणि निव्वळ पगार वेगवेगळा लिहा. व्हेरिएबल वार्षिक म्हणून खाली स्वतंत्र दाखवा. एम्प्लॉयमेंट लेटरमध्ये रुजू झाल्याची तारीख, हुद्दा आणि नोकरी कायम असल्याचा उल्लेख हवा. नाव पॅनकार्डप्रमाणे. पत्र बँकेच्या शाखाधिकाऱ्यांच्या नावे द्या." स्लिप जोडल्यामुळे त्याला काही शोधावं लागलं नाही आणि नवीन पत्र संध्याकाळपर्यंत आलं.

तरी एक गोम राहिलीच. पत्रावर डिजिटल सही होती, आणि प्रिंट काढल्यावर त्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि Signature Not Verified असं उमटलं. सही खोटी नव्हती. ज्या कॉम्प्युटरवरून प्रिंट काढली, त्यावर ती पडताळलेली नव्हती, इतकंच. पण हे काउंटरवर कोण समजावणार? आमच्या शाखेला लेटरहेडवर शाईची सही आणि कंपनीचा शिक्का हवा होता, तो ऑफिसात जाऊन घेतला.

त्याच फेरीत एचआरला सांगून ठेवलं की बँकेच्या पडताळणी एजन्सीचा मेल येईल. असे मेल सामाईक इनबॉक्समध्ये जातात आणि बाहेरचे म्हणून तसेच पडून राहतात. मेल आल्याचं एजन्सीकडून कळताच मी त्या मुलाला पिंग केलं, त्याने रुजू तारीख आणि पगार कन्फर्म केला आणि फाइल मंजुरीला गेली.