माहेरचं बाळंतपण आणि मध्य प्रदेशचा डोमिसाइल

इंदूरच्या राजेंद्र नगरात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. नीटचा निकाल लागला की पुढचा महिनाभर माझ्याकडे एकाच कागदाची गर्दी असते, तो म्हणजे स्थानीय निवासी प्रमाणपत्र. लोक त्याला मूल निवासी म्हणतात, मुलं डोमिसाइल म्हणतात. एमबीबीएसच्या सरकारी जागांपैकी 85 टक्के राज्याच्या कोट्यातल्या असतात, आणि मध्य प्रदेशात त्या कोट्यासाठी हा कागद लागतोच.

2025 साली निकाल 14 जूनला लागला. त्यानंतर दोन-चार दिवसांत एक गृहस्थ आले, बरोबर मुलगी. पिथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी, मूळचे नागपूरचे. अर्ज त्यांनी घरूनच पोर्टलवर भरला होता आणि तो निरस्त झाला होता, म्हणजे नाकारला गेला होता. मोबाईलवरचा मेसेज माझ्यापुढे धरून म्हणाले, "ताई, दहा वर्षं या गावात राहतोय, घर घेतलंय, आणि हे म्हणतात निवास सिद्ध होत नाही!"

मी कागद मागितले. मुलीचं आधार, समग्र आयडी म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदीचा क्रमांक, दहावी-बारावीच्या अंकसूच्या, घराची रजिस्ट्री, विजेचं बिल. वरवर पाहता सगळं जागच्या जागी. पण रजिस्ट्री होती 2019 ची, म्हणजे ती फार तर सहा वर्षांचं सांगणार. विजेचं बिल ताजं, ते फक्त आजचं सांगणार. दहा वर्षांमागचं सांगणारा एकच कागद होता, शाळेचा दाखला. त्यावर प्रवेशाची तारीख 6 जुलै 2015.

अर्ज जूनच्या मध्यावर. म्हणजे दहा वर्षांना तीन आठवडे कमी.

इथे जरा थांबून सांगते, कारण निम्मे अर्ज इथेच पडतात. मध्य प्रदेश शासनाने स्थानीय निवासी कोणाला म्हणायचं याचे निकष ठरवून दिले आहेत, सामान्य प्रशासन विभागाचं 2014 चं परिपत्रक आहे. निकष अनेक आहेत, पण त्यातला कुठलाही एक पुरा झाला की पुरे. राज्य सरकारचे कर्मचारी, माजी सैनिक यांच्यासाठी वेगळे आहेत. सामान्य माणसाच्या कामाचे मुख्यतः दोन: एकतर जन्म मध्य प्रदेशात झालेला असावा, नाहीतर राज्यात किमान 10 वर्षं सलग वास्तव्य असावं. प्रमाणपत्रातही मजकूर असतो की अर्जदार अमुक कंडिकेची, म्हणजे परिपत्रकातल्या अमुक कलमाची, पूर्तता करतो. अर्ज कुठल्या कंडिकेवर उभा आहे ते आधी ठरवायचं आणि मग तेवढेच, पण पक्के कागद लावायचे. लोक उलटं करतात. घरात सापडतील तेवढे कागद जोडतात आणि कंडिका तहसीलवाल्यांनी शोधावी अशी अपेक्षा ठेवतात. समोरचा माणूस दिवसाला ढीगभर अर्ज बघतो, तो कशाला शोधेल?

आणि दहा वर्षं म्हणजे मोजून दहा वर्षं. सगळ्यात जुन्या कागदाच्या तारखेपासून अर्जाच्या तारखेपर्यंत, मधे भोक न पडता. रेशनकार्ड, जुना भाडेकरार, दरवर्षीच्या अंकसूच्या, वडिलांचं नोकरीचं पत्र, हे सगळं चालतं, पण प्रत्येक कागद आपल्या तारखेपुरतंच बोलतो. घरमालकाच्या नावावरचं बिल तुमच्याबद्दल काहीच बोलत नाही. समग्र पोर्टलवर कुटुंबाचा आठ आकडी आणि माणसाचा नऊ आकडी क्रमांक असतो. त्यात मुलीचं नाव दुसऱ्याच कुटुंबात अडकलंय की काय, असंही मी बघते, पण ती भीती इथे नव्हती. ई-केवायसीही झालेलं होतं.

मुलीच्या वडिलांना, म्हणजे काकांना, मी तारखा मोजून दाखवल्या. ते गप्प झाले, मग म्हणाले, "एक ओळखीचा आहे. एप्रिल 2015 चा भाडेकरार करून देतो म्हणतो."

मी स्पष्ट नाही म्हटलं. हे मी सचोटीच्या गप्पा मारायला सांगत नाही. खोट्या कागदावर मिळालेलं प्रमाणपत्र प्रवेशानंतरही रद्द होऊ शकतं, आणि त्याबरोबर प्रवेशही जातो. दोन वर्षं शिकून झाल्यावर मुलीला बाहेर काढलं तर ती कुठल्या तोंडाने परत नीटला बसणार? शिवाय शाळेच्या दाखल्यावर आधीची शाळा नागपूरची, तिथून सोडल्याची तारीख जूनच्या शेवटची. एप्रिलचा करार त्या दाखल्यासमोर टिकलाच नसता.

सरळ रस्ता होता तो थांबण्याचा. 6 जुलै उलटू द्यायची आणि नवा अर्ज टाकायचा. अपिलाची सोयही आहे. मध्य प्रदेशात 2010 पासून लोकसेवा हमीचा कायदा आहे, त्याखाली अर्ज नाकारला की तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. पण अपील तिथे करावं जिथे कागद पुरे असून नाकारलंय. कागदच तोकडा असेल तर अपिलात तो लांब होत नाही.

तीन आठवडे थांबायला काका तयार होत होते, पण मुलगी घाबरलेली होती. कौन्सेलिंगची नोंदणी कधी उघडेल सांगता येत नव्हतं. मी सहज, फॉर्ममधला पुढचा रकाना भरायचा म्हणून विचारलं, "जन्म नागपूरचाच ना?"

मुलगी म्हणाली, "नाही. मी आजीकडे झाले. इथेच, इंदूरला."

मी पेन खाली ठेवलं. तिची आई इंदूरची. लग्न होऊन नागपूरला गेली, पहिलं बाळंतपण माहेरी, रामबागेजवळच्या एका प्रसूतिगृहात. सव्वा महिन्याने बाळाला घेऊन परत नागपूर. म्हणजे मुलगी जन्माने मध्य प्रदेशची, आणि पहिल्या कंडिकेत सरळ बसणारी. दहा वर्षं मोजायची गरजच नव्हती.

"मग जन्माचा दाखला का नाही लावला?" मी विचारलं.

काकांनी हात झटकला. "अहो, त्या दाखल्याने पासपोर्टच्या वेळी आम्हाला पार रडवलं होतं. त्यावर आईचं नाव वेगळं आहे."

हे आपल्या घरांमधलं जुनं दुखणं. लग्नात नाव बदललं. माहेरचं सुनंदा, सासरचं वैशाली (दोन्ही मी इथे बदलून लिहितेय). प्रसूतिगृहातल्या बाईंनी लहानपणापासून ओळखत असलेली सुनंदाच कागदावर लिहिली, महानगरपालिकेच्या नोंदीत तीच गेली. आधारवर, समग्रात, मुलीच्या दहावीच्या अंकसूचीत मात्र आई वैशाली. दाखला बघणाऱ्याला वाटणार ही दुसरीच कोणी मुलगी आहे. नाव न जुळणं हे निरस्त होण्याचं फार मोठं कारण आहे. मुलांच्या नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर निभतं कधी कधी, पण आई किंवा वडील पूर्ण वेगळ्या नावाचे दिसले की अर्ज परत येणारच. त्याची पूर्तता अर्जासोबतच करायची, आक्षेप येण्याची वाट बघायची नाही.

संध्याकाळी मुलीची आई, म्हणजे वहिनी, स्वतः आल्या, प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत पासपोर्टच्या वेळचं महाराष्ट्र शासनाचं राजपत्र निघालं, नाव बदलल्याची जाहिरात असलेलं, जुनं नाव आणि नवं नाव एका ओळीत. त्याखाली त्यांची दहावीची अंकसूची, भोपाळच्या माध्यमिक शिक्षा मंडळाची, त्यावर सुनंदा आणि माहेरचं आडनाव. मला याहून जास्त काही नको होतं. मुलीच्या जन्मदाखल्यावरची आई, राजपत्रातली जुनी बाई आणि आधारवरची वैशाली एकच आहे, हे आता कोणीही ओळीने वाचू शकत होतं. वडिलांचं नाव आणि जन्मतारीख तर सगळीकडे एकच होती.

नवा अर्ज भरला. या वेळी जन्माच्या कंडिकेवर. जोडले ते जन्मदाखला, मुलीची दहावीची अंकसूची, आधार, समग्र, राजपत्र, आईची अंकसूची आणि स्वघोषणा. रजिस्ट्री आणि विजेचं बिल मी पत्त्यापुरतं ठेवलं. स्कॅन स्वतः केले. राजपत्राचं पान मोबाईलने काढलेला फोटो असता तर ती ओळ वाचता आली नसती, आणि मग सगळी मेहनत पाण्यात. अस्पष्ट स्कॅन आणि अंकसूचीची मागची बाजू राहून जाणं, यानेही किती अर्ज परत येतात म्हणून सांगू.

तहसीलमधून फोन आलाच. नायब तहसीलदारांनी मूळ कागद बघायला बोलावलं होतं. मी बरोबर गेले, कारण वहिनी कचेरीत घाबरतात. साहेबांनी राजपत्र वाचलं. मराठीत होतं, पण देवनागरी असल्याने अडलं नाही. मग वहिनींना विचारलं, "आप यहाँ किस स्कूल में पढ़ीं?" त्यांनी शाळेचं नाव सांगितलं, अंकसूचीशी पडताळलं गेलं. एवढंच. डिजिटल सहीचं प्रमाणपत्र मिळालं आणि त्यात जन्माची कंडिका होती.

परतताना काका मात्र नाराजच. "म्हणजे मी इथे दहा वर्षं घाम गाळला त्याची किंमत नाही, आणि ही सव्वा महिना होती त्याची आहे?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण हा वाद या गावाला नवा नाही. मुलगी ज्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजचं स्वप्न बघत होती, त्याच कॉलेजात दिल्लीच्या जोशी नावाच्या विद्यार्थ्याकडून बाहेरचा म्हणून वेगळी कॅपिटेशन फी घेतली होती, तेव्हाच्या मध्य भारत राज्याच्या सरकारच्या नियमाने. तो सुप्रीम कोर्टात गेला. 1955 साली निकाल लागला, कोर्टाने बहुमताने सरकारचा नियम उचलून धरला: जन्मस्थानावरून भेद करायला घटनेत मनाई आहे, पण रहिवासावरून नाही. त्या नियमात मूळ अधिवास इथला नसणाऱ्यांना पाच वर्षांच्या वास्तव्याची अट होती. काकांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मग आमच्या वेळेला दहा का केली?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वहिनींच्या नागपूरच्या दिरांनी दरम्यान फोन करून सल्ला दिला होता की महाराष्ट्राचंही काढून ठेवा. तो मी तिथल्या तिथे मोडला. महाराष्ट्रात अधिवासासाठी 15 वर्षांचं वास्तव्य मागतात, आणि मेडिकलला काही अपवाद सोडले तर दहावी-बारावीही तिथूनच लागते. मुलगी तिथे आठ वर्षं होती. आणि बसत असती तरी दोन राज्यांचे रहिवासी म्हणून दोन्हीकडे अर्ज करणं म्हणजे दोन्हीकडचे प्रवेश धोक्यात घालणं.

दुकानात पोचल्यावर वहिनींनी धाकट्याचं विचारलं. तो नववीत, जन्म नागपूरचा, कारण दुसऱ्या खेपेला त्या माहेरी आल्याच नव्हत्या. बहिणीची कंडिका त्याला लागणार नाही. त्याचा हिशेब दहा वर्षांचाच, आणि तो त्याच्याच शाळेच्या प्रवेशाच्या तारखेपासून. मी दाखल्याची प्रत मागवली आहे. तारीख बघून मग अर्ज टाकू.