पगारवाढीनंतर पीएफचं व्याज हाताने जुळवून पाहिलं : माझा अनुभव

पीएफच्या पासबुकात वर्षाअखेरचा आकडा दिसतो, पण तो कसा आला हे दिसत नाही. दोन आर्थिक वर्षांचा हिशोब मी एक्सेलमध्ये महिन्यागणिक मांडला आणि रुपयाला रुपया जुळेपर्यंत सोडला नाही. गणित अवघड नाही, पण तीन-चार ठिकाणी हमखास घसरायला होतं. इथे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत, पद्धत मात्र तीच.

सगळ्यात आधी पगाराची स्लिप पाहावी. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 च्या वर असतानाही पीएफची कपात बरोबर 1,800 रुपये असेल, तर कंपनी मर्यादेपुरताच पीएफ भरते आहे. 15,000 चे 12 टक्के म्हणजे 1,800. अशा खात्यात पगार कितीही वाढला तरी दरमहा भरणा तोच राहतो आणि पुढचं अर्धं गणित लागूच होत नाही. कपात पूर्ण पगारावर होत असेल तर पुढे वाचा.

आता उदाहरण. मार्च 2023 चा मूळ पगार अधिक महागाई भत्ता 28,000. एप्रिल 2023 पासून 30,000 आणि एप्रिल 2024 पासून 33,000. सप्टेंबर 2014 च्या आधीपासून सभासद असल्यामुळे पेन्शन योजना लागू आहे. 1 एप्रिल 2023 ला कर्मचारी आणि कंपनी हे दोन्ही हिस्से मिळून शिल्लक 4,00,000 रुपये.

पहिली घसरण कंपनीच्या हिश्श्यात होते. कंपनीच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के पेन्शनला आणि 3.67 टक्के पीएफला जातात, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. ते 15,000 पर्यंतच्या पगाराला बरोबर आहे. त्यावरच्या पगाराला 8.33 टक्के हे 15,000 वरच मोजले जातात, म्हणजे 1,250 रुपये, आणि उरलेलं सगळं पीएफमध्ये येतं. 30,000 वर कंपनीचे 3,600 होतात. त्यातून 1,250 वजा केले की 2,350 पीएफला. 3.67 टक्क्यांनी मोजलं तर 1,101 येतात, म्हणजे निम्म्याहून कमी. ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरण्याआधी त्यात 30,000 टाकून कंपनीचा हिस्सा किती दाखवतो ते बघा. 1,101 दाखवला तर तो बंद करा.

या ठरलेल्या 1,250 मुळे पगारवाढीचा परिणामही थोडा वेगळा होतो. पगार 30,000 वरून 33,000 झाला, वाढ दहा टक्के. कर्मचाऱ्याचा हिस्सा 3,600 वरून 3,960 झाला, तोही दहा टक्के. पण कंपनीचा पीएफमधला हिस्सा 2,350 वरून 2,710 वर गेला, म्हणजे पंधरा टक्क्यांहून जास्त वाढ, कारण पेन्शनचा आकडा जागचा हललाच नाही. दोन्ही मिळून खात्यात दरमहा 5,950 ऐवजी 6,670 येऊ लागले. पुढच्या वर्षांचा अंदाज बांधताना "भरणा दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढेल" असं धरलं तर अंदाज कमी येतो. पगार वाढवावा आणि हिस्से दर वेळी नव्याने काढावेत.

सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा सभासद झालेले आणि रुजू होतानाच 15,000 च्या वर पगार असलेले लोक पेन्शन योजनेत येत नाहीत. त्यांच्या खात्यात कंपनीचे पूर्ण 12 टक्के यायला हवेत. तरीही पासबुकाच्या पेन्शनच्या रकान्यात 1,250 दिसत असतील, तर ती चूक लवकर दुरुस्त करून घ्यावी. खातं बंद करताना ती निघाली की फार छळते. आणि ज्यांना पेन्शन लागू आहे त्यांनीही त्या रकान्याची बेरीज शिल्लकेत धरू नये. ते पैसे वेगळ्या निधीत जातात आणि त्यावर खात्यात व्याज पडत नाही.

दुसरी घसरण महिन्याची. मार्चचा पगार मार्चअखेरीस होतो, पण त्याचा पीएफ कंपनी एप्रिलमध्ये भरते. मुदत 15 तारखेची. म्हणून पासबुकात पगाराचा महिना आणि जमा झाल्याची तारीख अशा दोन गोष्टी असतात आणि हिशोबाला दुसरी लागते. आर्थिक वर्षातला पहिला भरणा आदल्या मार्चच्या पगाराचा, म्हणजे वाढ होण्याआधीच्या पगाराचा असतो. त्यामुळे 2023-24 मध्ये एप्रिलला 28,000 च्या पगारावरचे 5,470 आले आणि मे ते मार्च असे अकरा महिने 5,950 आले. एकूण 70,920. बारा गुणिले 5,950 केलं असतं तर सुरुवातीलाच 480 रुपयांचा फरक पडला असता, आणि पुढे व्याजात तो शोधत बसावं लागलं असतं.

तिसरी गोष्ट व्याज, आणि खरा वेळ इथेच जातो. व्याज महिन्यागणिक मोजतात, पण खात्यात वर्षातून एकदाच मिळवतात. नियम असा की जमा झालेल्या रकमेवर व्याज पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून सुरू होतं. एप्रिलमध्ये आलेल्या पैशांना अकरा महिन्यांचं व्याज मिळतं, मेमध्ये आलेल्यांना दहा महिन्यांचं, आणि मार्चमध्ये आलेल्यांना त्या वर्षी काहीच नाही. थोडक्यात, प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला जी शिल्लक होती तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. वर्षभरात जमलेलं व्याज वर्ष संपेपर्यंत शिल्लकेत धरायचं नाही, म्हणजे व्याजावर व्याज पुढच्या एप्रिलपासून.

2023-24 चा दर 8.25 टक्के होता. सुरुवातीच्या 4,00,000 वर पूर्ण वर्षाचे 33,000. एप्रिलच्या 5,470 वर अकरा महिन्यांचे 413.67. मे ते मार्चच्या भरण्यांचे महिने दहा, नऊ, आठ असे शून्यापर्यंत मिळवले की 55 होतात. 5,950 वर 55 महिन्यांचे 2,249.84. एकूण 35,663.51, आणि पूर्ण रुपयात 35,664. वर्षाअखेरची शिल्लक 5,06,584.

एक्सेलमध्ये हे असं मांडलं. E1 मध्ये सुरुवातीची शिल्लक, B2 ते B13 मध्ये पगार, पण एप्रिलच्या ओळीत मार्चचा पगार, या क्रमाने. C, D आणि E ची सूत्रं दुसऱ्या ओळीत लिहून खाली ओढायची.

```
C2: =ROUND(B2*12%,0)
D2: =C2-ROUND(MIN(B2,15000)*8.33%,0)
E2: =E1+C2+D2
व्याज: =ROUND(SUM(E1:E12)*8.25/1200,0)
```

व्याजाच्या सूत्रात E1 पासून E12 पर्यंतच बेरीज आहे, E13 नाही. पहिल्या खेपेला इथेच E2 ते E13 असं लिहिलं गेलं आणि व्याज 487 रुपयांनी जास्त आलं. ही चूक ओळखायला सोपी आहे. वर्षभराच्या एकूण भरण्यावरचं एका महिन्याचं व्याज जेवढं, पूर्णांकाचा रुपया सोडला तर तेवढाच फरक येतो. 70,920 वर एका महिन्याचं व्याज काढून पाहा, 487.58 येतं. पासबुकात कर्मचारी आणि कंपनीच्या हिश्श्याचं व्याज वेगवेगळं काढलेलं असतं, त्यामुळे एखाद्या रुपयाचा फरक उरला तर तो पूर्णांकाचा समजून सोडून द्यावा.

2024-25 चा दरही 8.25 टक्केच होता. एप्रिलला 5,950 आणि नंतर अकरा वेळा 6,670, मिळून 79,320. व्याज: 5,06,584 वर 41,793.18, एप्रिलच्या भरण्यावर 449.97, बाकीच्यांवर 2,522.09. एकूण 44,765. वर्षाअखेरची शिल्लक 6,30,669. व्याजाच्या आकड्यांकडे नीट पाहिलं तर लक्षात येतं की वर्षभरातल्या नव्या भरण्याने जेमतेम तीन हजारांचं व्याज दिलं, बाकी सगळं जुन्या शिल्लकेचं. वाढ मोठी झाली तरी त्या वर्षीचं व्याज फारसं हलत नाही. ते पाहून कुठे चुकलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

फरक निघालाच तर त्याच्या आकाराकडे पाहावं. 5,950 वर एका महिन्याचं व्याज सुमारे 41 रुपये होतं. फरक 41, 82, 123 असा आला, तर बहुधा एखादा भरणा उशिरा जमा झालेला असतो. जमा तारखांचा रकाना वरून खाली वाचला की तो सापडतो. एखाद्या महिन्याची नोंदच नसेल, तर आधी कंपनीच्या एचआरला त्या महिन्याच्या चलनाबद्दल विचारावं, आणि उत्तर मिळालं नाही तर epfigms.gov.in वर तक्रार नोंदवावी. स्लिपमध्ये कपात दिसते आणि पासबुकात भरणा नाही, अशा वेळी स्लिप हाच पुरावा असतो, म्हणून स्लिपा जपून ठेवाव्यात.

थकबाकीचंही तसंच. वाढ एप्रिलपासून लागू, पण हातात जुलैच्या पगारात आली, असं बऱ्याच ठिकाणी होतं. मग एप्रिल, मे, जूनच्या 9,000 रुपयांवरचा पीएफ ऑगस्टमध्ये एकदम जमा होतो. दोन्ही बाजूंचे 1,080 मिळून 2,160. पेन्शनचे 1,250 त्या महिन्यांत आधीच पूर्ण गेलेले असल्यामुळे या रकमेतून पेन्शनला काहीच कापलं जात नाही. कापलेलं दिसलं तर चूक आहे. उशिरामुळे व्याजात तोटा साधारण 30 रुपयांचा. तो सोसायला हरकत नाही, पण हिशोबात ही रक्कम मे-जून-जुलैच्या ओळींत न टाकता ऑगस्टच्या ओळीत टाकावी लागते.

वर्षात आगाऊ रक्कम काढली असेल तर नियम उलट बाजूने चालतो. या दोन वर्षांत काढलेल्या रकमेवर व्याज आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंतच मिळत होतं. 28 सप्टेंबरला 50,000 निघाले तर सप्टेंबरचं व्याज गेलं, म्हणजे 344 रुपये. हेच पैसे 1 ऑक्टोबरला निघाले असते तर ते मिळालं असतं. वरच्या सूत्रात मात्र सप्टेंबरच्या ओळीत नुसती वजाबाकी केली तर व्याज ऑक्टोबरपासून कमी होतं, म्हणून काढलेली रक्कम एक ओळ वर, ऑगस्टमध्ये वजा करायची.

शेवटी तपासणीची वेळ. दर जाहीर होऊन व्याज खात्यात चढायला वर्ष संपल्यावर काही महिने जातात. तोवर पासबुकात फक्त भरणे दिसतात आणि शिल्लक अडकल्यासारखी वाटते. व्याज चढलं की Int. Updated upto 31/03/2025 अशी ओळ येते. ती उन्हाळ्यानंतर आली तरी व्याज 31 मार्चचंच धरलेलं असतं, त्यामुळे उशिराने काही बुडत नाही. ती ओळ येण्याआधी हिशोब जुळवायला बसू नये. मी एकदा बसलो आणि एक रविवार गेला.