नाशिकचे रात्रीचे आठ

गंगापूर रोडच्या घरी आईकडे दिवसभर असणाऱ्या मावशी रात्री आठला निघतात आणि नेमकी त्याच वेळी आईची पार्किन्सन्सची रात्रीची गोळी असते. त्या गोळीला अर्धा तास उशीर झाला तरी आईचे हातपाय आखडतात, पाण्याचा पेलाही धरवत नाही. म्हणून आठ वाजता मी इंग्लंडमधल्या लीड्समधून व्हिडिओ कॉल लावते, आई डबीतली गोळी माझ्या डोळ्यांसमोर घेते आणि मावशी दार ओढून घेतात. उन्हाळ्यात त्या वेळी इथे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, म्हणजे ऐन कामाची वेळ.

चार महिने मी ही पाऊण तासाची गैरहजेरी लपवली. कधी 'नेटवर्क गेले', कधी 'दातांच्या डॉक्टरकडे' असे सांगत राहिले. शेवटी साहेबीणबाईंनी शांतपणे विचारले, "कामात मन लागत नाही का?" खरे कारण सांगितले असते तर इतके लागले नसते.

इथे एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा बदलून मागता येतात. वर्षभरात असे दोन अर्ज करता येतात आणि कंपनीला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. मी अर्जात आजारपणाची कहाणी लिहिली नाही. सकाळी साडेसातला सुरुवात, सव्वातीन ते चार सुट्टी, तासांची बेरीज तीच आणि त्या पाऊण तासात तातडीचे काम कोण पाहील, एवढेच लिहिले. मंजुरी आठवड्यात आली. आई कशी आहे, हे मात्र कोणी विचारले नाही. सातपूरच्या कारखान्यातल्या माझ्या मावसभावाकडे त्याचे साहेब त्याच्या आईची चौकशी रोज करतात, रजा मात्र 'बघू' म्हणून लांबवतात. तरीही त्या दिवशी मला त्याचाच हेवा वाटला, हे कबूल करते.

खरी चूक माझीच होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे गेली आणि नाशिकचे आठ इथे अडीचला वाजू लागले. मंजूर झालेली सुट्टी सव्वातीनची, गोळी अडीचची! सोमवारी मी बैठकीत अडकले आणि आईने गोळी घेतली ती पाऊण तास उशिरा. दुसऱ्या दिवशी मी कोणतेही निमित्त न काढता साहेबीणबाईंना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "दुसरा अर्ज यासाठी खर्च करू नकोस, तो पुढे लागेल. हे आपण परस्परसंमतीने दुरुस्त करू." सुधारित पत्रात आता 'भारतीय वेळेनुसार रात्री पावणेआठ ते साडेआठ' असे लिहिले आहे.

हे आईला सांगितले, तर ती म्हणाली, "अगं, तुझ्या कंपनीत आता नाशिकचं घड्याळ लावलंय का?" शेजारच्या काकूंना ती हेच ऐकवत असते. 'लेक लांब राहते' असे त्या म्हणतात, तेव्हा तर हमखास.