आमची वाटचाल: "ताई, किती झाले?"

सांगलीत आम्ही शेतकरी प्रशिक्षण आणि मेळाव्यांची नोंदणी सांभाळतो. मंडप, जेवण, पाहुणे हे आयोजकांकडे. नावं, सत्रं, बिल्ले आणि दारावरची हजेरी आमच्याकडे. सुरुवात वहीवर झाली. मग गूगल फॉर्म आला, नावं आपोआप शीटमध्ये पडू लागली आणि वाटलं, आता निवांत. पण आयोजकांचा फोन काही थांबेना. "ताई, छाटणीला किती झाले? खुर्च्या सांगायच्यात." दर वेळी मी शीट उघडून फिल्टर लावायचे, मोजायचे आणि सांगायचे. फोन ठेवेपर्यंत आणखी दोन नावं आलेली असायची.

म्हणून त्याच फाइलमध्ये 'मोजणी' नावाचं दुसरं पान केलं: सत्र, जागा, झालेली नोंदणी, शिल्लक. चार ओळींचं काम वाटलं होतं, पण बसायला दोन मेळावे गेले.

पहिली चूक माझीच. त्या दिवशी जिथपर्यंत नावं होती, तिथपर्यंतच्याच ओळी सूत्रात दिल्या. नवीन उत्तर त्यांच्या खाली येत होतं, त्यामुळे आकडा जागचा हलेना. उपाय सोपा होता, आख्खा स्तंभ द्यायचा. `D2:D30` नाही, `D:D`.

दुसरी अडचण जास्त चिवट. एक शेतकरी दोन-तीन सत्रं निवडतो आणि ती सगळी स्वल्पविराम देऊन एकाच चौकटीत येतात. तिथे सत्राचं नाव जसंच्या तसं शोधलं, तर फक्त एकच सत्र घेतलेले लोक मोजले जातात. म्हणून नावाच्या दोन्ही बाजूंना तारका लावल्या, म्हणजे चौकटीत कुठेही असलं तरी चालेल. पण आमच्याकडे 'द्राक्ष छाटणी' आणि 'द्राक्ष छाटणी प्रात्यक्षिक' अशी दोन सत्रं होती. पहिल्याच्या आकड्यात दुसऱ्याचेही लोक मिसळले. 40 खुर्च्यांचं सत्र भरलं म्हणून आम्ही ते फॉर्ममधून काढलं आणि प्रत्यक्षात निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. आयोजक काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

त्याच मेळाव्यात आणखी एक. एका मुलाने फॉर्ममधल्या पर्यायाला 'थोड्याच जागा' असं जोडलं. हेतू चांगला होता. पण आधीची उत्तरं शीटमध्ये जुन्याच नावाने राहतात आणि पुढची नव्या नावाने येतात. त्याने 'मोजणी'तलंही नाव बदललं, तशी आधीची सगळी नोंदणी आकड्यातून गायब झाली.

दोन्ही दुखण्यांवर एकच औषध निघालं: प्रत्येक पर्यायाच्या आधी खूण. `S1-` द्राक्ष छाटणी, `S2-` प्रात्यक्षिक, `S3-` मधमाशीपालन. 'मोजणी'च्या A स्तंभात फक्त खूण ठेवायची आणि तीच शोधायची. पुढचं नाव कसंही बदला, आकडा तुटत नाही. मधली रेघ मुद्दाम ठेवली आहे; ती नसेल तर S1 शोधताना S10 पण मोजलं जातं.

रद्द होणारी नावं पूर्वी आम्ही ओळच काढून टाकायचो, मग "माझं नाव होतं" म्हणून दारावर वाद. आता उत्तरांच्या उजवीकडे, G स्तंभात आम्ही हाताने 'रद्द' लिहितो. सूत्र असं:

```
=COUNTIFS('Form Responses 1'!D:D,"*"&A2&"*",'Form Responses 1'!G:G,"<>रद्द")
```

D मध्ये सत्रं आहेत. तुमच्या फॉर्ममध्ये तो स्तंभ वेगळा असेल, तेवढा बघून घ्या. शिल्लक पाचवर आली की चौकट लाल होते, ती रंगाची अट नेहमीचीच.

मग आयोजकांनी ही शीटच मागितली. त्यात शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर. नुसतं पान लपवून फाइल देण्याची मला हिंमत झाली नाही, कारण फाइलची प्रत काढणाऱ्याला लपवलेलं पान उघडता येतं. वेगळी कोरी फाइल केली, लाल रंगाची अट तिच्यातही लावली आणि फक्त आकडे ओढले:

```
=IMPORTRANGE("मूळ शीटची लिंक","मोजणी!A1:D7")
```

पहिल्यांदा `#REF!` दिसतं. घाबरू नका, त्या चौकटीवर जाऊन परवानगीचं बटण दाबावं लागतं, तेही एकदाच. आयोजकांना ही फाइल फक्त बघण्यापुरती देतो. संपादनाचा हक्क दिला तर सूत्र बदलून नंबरही ओढता येतील.

एक गोष्ट मात्र ही शीट करत नाही: 40 झाले म्हणून फॉर्म तो पर्याय स्वतः बंद करत नाही. ते काम आमच्या टेबलावरच्या माणसाचं. म्हणून 'जागा' या स्तंभात आम्ही 37 लिहितो आणि तीन खुर्च्या गुपचूप राखून ठेवतो. मेळाव्याच्या सकाळी न सांगता येणारे काका त्या तीन खुर्च्यांवर बसतात. आयोजकांचा फोन अजूनही येतो, पण आता ते विचारतात, "ताई, S3 लाल झालंय, मोठा हॉल घेऊ का?"