विजयनगरला वेळेत पोहोचण्याचे गणित: तिसरी नोंद

मागील नोंदीत माझी एक ढोबळ चूक झाली होती. इंदूरमध्ये पलासियाहून विजयनगरला एबी रोडने जाताना एलआयजी चौराह्यापर्यंत सरासरी 8 मिनिटे व प्रमाण विचलन 4, आणि पुढे सरासरी 5 मिनिटे व विचलन 3, अशी माझी मोजणी होती. मी विचलनांचीच बेरीज करून 7 धरले. वास्तविक टप्पे परस्परस्वतंत्र असतील तर बेरीज प्रचरणांची, म्हणजे विचलनांच्या वर्गांची करायची असते: 16 + 9 = 25, म्हणून विचलन 5.

दुसरी वाट बंगाली चौराहा, खजराना, रेडिसन अशी रिंग रोडची. तिचे चार टप्पे मिळून सरासरी 16 मिनिटे होते. प्रत्येकाचे विचलन 1, म्हणून एकूण 2. मुदत आणि सरासरी यांतील फरकाला विचलनाने भागले की z मिळतो. हाताशी 20 मिनिटे असताना एबी रोडने z = (20 − 13)/5 = 1.4, म्हणजे वेळेत पोहोचण्याची संभाव्यता सुमारे 92 टक्के; रिंग रोडने z = 2, म्हणजे जवळजवळ 98 टक्के. जुन्या चुकीच्या बेरजेने दोन्हीकडे z = 1 येत असे आणि मी वाटा सारख्याच समजून बसलो होतो! खरी बरोबरी 18 मिनिटांवर आहे. त्याहून कमी वेळ असेल तर एबी रोडच बरा.

या आठवड्यात मात्र खरा पेच समोर आला. रामबागेतील घरापासून पलासियापर्यंतचा टप्पा (सरासरी 10, प्रचरण 12) दोन्ही वाटांच्या आधी जोडला आणि मुदतही 10 मिनिटांनी वाढवून 30 केली. निकाल बदलणार नाही असे मी गृहीत धरले होते, पण तो उलटला:

एबी रोड: (30 − 23)/√37 ≈ 1.15, सुमारे 87 टक्के.
रिंग रोड: (30 − 26)/√16 = 1, सुमारे 84 टक्के.

पहिल्या टप्प्याची अनिश्चितता दोन्हीकडे सारखीच मिसळते, पण रिंग रोडचे विचलन त्याने दुप्पट होते, एबी रोडचे जेमतेम 1 मिनिटाने वाढते. म्हणूनच पलासियापासूनची सर्वोत्तम वाट घरापासूनच्या सर्वोत्तम वाटेचा भाग असेलच असे नाही, आणि टप्प्यांच्या किमती बेरजेत घेऊन सर्वांत स्वस्त वाट शोधणाऱ्या डायक्स्ट्राच्या पद्धतीत z थेट घालता येत नाही. त्याऐवजी मी प्रत्येक टप्प्याची किंमत ‘सरासरी + λ × प्रचरण’ अशी धरतो. ही किंमत बेरजेची असल्याने डायक्स्ट्रा चालतो. λ हे प्रचरणाला दिलेले वजन बदलत जाऊन निघालेल्या वाटांची z तेवढी तपासायची. मुदत सर्वांत कमी सरासरीच्या वाटेपेक्षा जास्त असेल, तरच ही युक्ती विश्वासार्ह.

राहिली शंका स्वतंत्रतेची. एबी रोडच्या पूर्ण फेऱ्यांचे प्रचरण वेगळे काढले, तर ते 25 च्या आसपास यायला हवे. पावसाळी दिवसांत दोन्ही टप्पे एकदमच रेंगाळतात, तेव्हा ते वाढेल, सहसंबंध 0.5 असल्यास 37 होईल आणि 20 मिनिटांची संभाव्यता 92 वरून 87 टक्क्यांवर येईल. म्हणून पावसातील फेऱ्यांची वही आता वेगळी ठेवली आहे.